मामाच्या किराणा दुकानासाठी दर सोमवारचा एक पानी डॅशबोर्ड: चार आकडे, एक गूगल शीट

माझ्या मामाचं किराणा दुकान आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात. मी ऑफिसमध्ये दिवसभर डेटाचंच काम करते, त्यामुळे मागच्या वर्षी सुट्टीत गेले तेव्हा उत्साहाने त्यांना एक डॅशबोर्ड करून दिला होता. चौदा आकडे, दोन गोल चार्ट, सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या वीस वस्तू, रंगीत एकदम. मामांनी दोन आठवडे पाहिला, मग बंद. फोनवर विचारलं तर म्हणाले, "अगं छान आहे गं, पण हे बघून मी करू काय?" हा प्रश्न बरोबर होता आणि तो मी आधीच विचारायला हवा होता. दुसऱ्यांदा सगळं नव्याने केलं ते त्या प्रश्नावरूनच, आणि तो आता दर सोमवारी बघितला जातो. ते कसं केलं ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे कुणाला आपल्या घरातल्या किंवा ओळखीच्या दुकानदारासाठी करायचं असेल तर सरळ करता येईल. गूगल शीट उघडता येते आणि बेरजेचा फॉर्म्युला माहीत आहे एवढं पुरे.

आधी शीट उघडू नका, दुकानात बसा

मी एक पूर्ण सोमवार सकाळी नऊपासून मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि ते कुठले निर्णय घेतात तेवढंच वहीत लिहीत गेले. सोमवारी कारण त्यांच्याकडे डिस्ट्रिब्युटरचे बहुतेक सेल्समन सोमवारी-मंगळवारी येतात. दिवसभरात विषय फिरून फिरून तेच निघाले. कुणाचं बिल आज द्यायचं आणि कुणाला गुरुवारी ये म्हणायचं. स्कीम आहे म्हणून तेलाचे जास्त डबे उचलायचे का. उधारीसाठी कुणाला फोन करायचा. आणि कुठला माल मागवायचा राहिलाय. धंदा एकूण बरा चाललाय का मंद, हा विचार पाठीमागे असतोच.

मग प्रत्येक आकड्याला एकच परीक्षा लावली, हा आकडा बदलला तर मामा सोमवारी काही वेगळं करतील का? चौदापैकी बहुतेक तिथेच गळाले. वीस टॉप वस्तूंच्या यादीत साखर, तेल, चहा पावडर, हे मामांना झोपेतसुद्धा माहीत आहे. यूपीआय किती टक्के आणि रोख किती टक्के, बघायला मजा येते पण त्यावर ते काहीच करत नाहीत. राहिले चार: आठवड्याची विक्री, अडकलेली उधारी, येत्या सात दिवसांत द्यायचे पैसे (आणि त्यासमोर हातात असलेले), आणि गिऱ्हाइकाला "नाही म्हटलेला माल".

नफा कुठे गेला असं सगळे विचारतात. नफा मी मुद्दाम काढला, कारण आठवड्याचा नफा अशा दुकानात खरा काढताच येत नाही. विक्री वजा खरेदी केली की नफा, असं आपण सहज धरतो, पण दिवाळीआधी मामांनी एका आठवड्यात २,१०,००० चा माल भरला आणि विक्री झाली १,६०,०००, म्हणजे कागदावर ५०,००० तोटा, आणि प्रत्यक्षात तो माल गोडाऊनमध्ये नीट पडून होता. शिल्लक माल मोजल्याशिवाय नफा कळत नाही आणि दर आठवड्याला कुणी माल मोजत नाही. तेव्हा तो तीन-चार महिन्यांतून एकदा, माल मोजून, वेगळा बसून काढायचा. चुकीचा आकडा पानावर असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण दुकानदाराने एकदा एक आकडा खोटा पकडला की बाकीच्या तिघांवरचा विश्वासही जातो.

रोजची एक ओळ

आता शीट. नवीन गूगल शीट उघडल्यावर सगळ्यात पहिलं काम, `File` मध्ये `Settings` मध्ये जाऊन `Locale` ला `India` करा आणि तिथेच `Time zone` पण भारताची आहे ना बघा. हे आधीच करायचं. `Locale` अमेरिकेचं राहिलं तर तुम्ही ५/८ लिहिलेलं ऑगस्टची पाच तारीख न होता मेची आठ होते, आणि नंतर सेटिंग बदललं तरी आधी भरलेल्या तारखा सुधारत नाहीत.

पहिल्या टॅबचं नाव `रोज`. दिवसाला एक ओळ, आणि कॉलम असे: A तारीख, B सकाळचा गल्ला, C रात्रीचा गल्ला, D गल्ल्यातून काढलेले, E यूपीआय, F उधार दिलेला माल, G उधारी वसूल, H विक्री. H मामांनी भरायची नाही, ती निघते:

```
=C2-B2+D2+E2+F2-G2
```

हा फॉर्म्युला नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथे आहे. एक दिवस घेऊ. सकाळी सुट्ट्यांसाठी गल्ल्यात २,००० ठेवले, रात्री मोजले तर १४,३५०. दिवसात ३,२०० काढले, त्यात एका डिस्ट्रिब्युटरला दिलेले आणि घरी भाजीला नेलेले दोन्ही आले. म्हणजे गल्ल्यात आलेली रोख १४,३५० वजा २,००० अधिक ३,२००, बरोबर १५,५५०. यूपीआयवर ९,८००, ते धरून २५,३५०. उधारीवर माल गेला १,४५० चा, तो पण विक्रीच आहे, झाले २६,८००. पण त्या दिवशी जुन्या उधारीचे २,५०० आले, ते रोखीत किंवा यूपीआयमध्ये धरले गेलेत आणि तो माल आधीच कधीतरी विकला म्हणून मोजलाय, तेव्हा ते वजा. विक्री २४,३००.

हे वजा करायचं बहुतेक जण विसरतात आणि मग उधारी वसुली जोरात झाली की विक्री वाढल्यासारखी दिसते. दुसरी नेहमीची चूक D मध्ये होते, गल्ल्यातून काढून बँकेत भरलेले पैसेही "काढलेले" मध्येच यायला हवेत, आणि दुपारी घरून सुट्टे आणून टाकले तर ते B मध्ये वाढवायचे. यूपीआयचा आकडा ॲपमधला त्या दिवसाचा टोटल घ्या, बँक पासबुकातला घेऊ नका, कारण बऱ्याच ठिकाणी बँकेत सगळी रक्कम एकत्र आणि दुसऱ्या दिवशी जमा होते, मग दिवस सरकतात. आणि भाच्याने किंवा मित्राने त्याच क्यूआरवर घरगुती पैसे पाठवले असतील तर ते बाजूला काढायचे.

मामा स्वतः शीटमध्ये काही भरत नाहीत, हे पण सांगते. ते रात्री शटर ओढायच्या आधी एका छापील पानावर सहा आकडे पेनाने लिहितात, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मामेभाऊ भरतो. पहिल्यांदा मी त्यांना फोनवर शीट भरायला लावली होती, बारीक चौकोनात बोट लागत नव्हतं, एकदा आख्खा कॉलम पुसला गेला. ज्याला पेन जमतो त्याला पेनच द्या.

विक्री कशाशी तुलना करायची

दुसरा टॅब `सोमवार`, हेच मामांचं पान. B1 मध्ये नुकत्याच संपलेल्या आठवड्याचा सोमवार आपोआप आणायचा, B2 मध्ये त्या आठवड्याची विक्री, B3 मध्ये किती दिवसांच्या ओळी भरल्यात ते:

```
=TODAY()-WEEKDAY(TODAY(),2)-6
=SUMIFS('रोज'!H:H,'रोज'!A:A,">="&B1,'रोज'!A:A,"<"&B1+7)
=COUNTIFS('रोज'!A:A,">="&B1,'रोज'!A:A,"<"&B1+7)
```

B1 मध्ये ४५ हजारच्या आसपासचा विचित्र आकडा दिसला तर घाबरू नका, त्या सेलला तारखेचा फॉरमॅट द्या.

तिसरी ओळ फालतू वाटेल पण माझ्या मते ती ठेवायलाच हवी. एक दिवस भरायचा राहिला तर शीट काही ओरडत नाही, नुसती विक्री कमी दाखवते आणि मामा दिवसभर काळजीत. १२.८.२५ असं टिंब देऊन लिहिलेली तारीख बऱ्याचदा शीटला तारीख म्हणून कळतच नाही, ती साधा मजकूर धरली जाते आणि बेरजेतून गुपचूप गळते (सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसली की समजा, खरी तारीख उजवीकडे असते). दिवस-महिना उलटे झाले तरी तसंच होतं. या तिन्ही भानगडी त्या एका मोजणीत पकडल्या जातात, तिथे ७ नसेल तर विक्रीचा आकडा वाचायचाच नाही. दुकान बंद होतं त्या दिवशीही शून्याची ओळ भरायची.

आता तुलना. मागच्या आठवड्याशी तुलना करू नका. किराण्याची विक्री महिन्याच्या पगाराभोवती फिरते, पहिल्या आठवड्यात लोक महिन्याचा किराणा भरतात आणि शेवटच्या आठवड्यात पावशेर-अर्धा किलो नेतात, त्यामुळे महिन्याच्या शेवटी दरवेळी धंदा पडल्यासारखा दिसणार. मी चार आठवड्यांपूर्वीशी, म्हणजे बरोबर २८ दिवस मागे तुलना ठेवलीय. त्यात बाजाराचा वारही दोन्ही बाजूंना एकच येतो.

```
=SUMIFS('रोज'!H:H,'रोज'!A:A,">="&B1-28,'रोज'!A:A,"<"&B1-21)
```

यातही पगाराची तारीख दोन-तीन दिवस इकडेतिकडे सरकते, त्यामुळे १ तारीख शनिवार-रविवार आली की थोडं फसतं, ते पानावर पेनाने लिहून ठेवायचं. मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तर अजिबात नको, आपले सण तिथीने येतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा गेल्या वर्षीशी ताडून बघितला तर काहीतरी भलतंच निघेल. वर्षाची तुलना करायचीच असेल तर सणाच्या आठवड्याशी सणाचा आठवडा.

आणि किती फरक म्हणजे फरक? मी आधीचे आठ आठवडे काढून बघितले, काही कारण नसताना मामांची विक्री आठ-दहा टक्के वरखाली होतेच. म्हणून १५ टक्क्यांहून जास्त पडली तरच तो चौकोन लाल, नाहीतर पांढराच. तुमच्या दुकानाचं हे प्रमाण वेगळं असेल, आधी बघून घ्या मग ठरवा.

उधारी: एकूण नको, अडकलेली हवी

एकूण उधारी हा आकडा मामांना नुसता अस्वस्थ करायचा, कारण त्यातली बरीच दर महिन्याला पगार झाला की येतेच. कामाचा आकडा म्हणजे ज्यांनी ३० दिवसांत एक रुपयाही दिला नाही त्यांच्याकडची बाकी. `उधारी` टॅबमध्ये गिऱ्हाइकाची एक ओळ, A नाव, B बाकी, C शेवटचे पैसे कधी दिले.

```
=SUMIFS('उधारी'!B:B,'उधारी'!C:C,"<"&TODAY()-30)
=IFERROR(SORTN(FILTER('उधारी'!A2:C,'उधारी'!C2:C<TODAY()-30,'उधारी'!B2:B>0),5,0,2,FALSE),"कुणी नाही")
```

पहिली ओळ रक्कम देते, दुसरी सगळ्यात मोठी पाच नावं. एक गोची आहे. ज्याने अजून कधीच पैसे दिले नाहीत त्याचा C रिकामा राहतो आणि अशी बाकी वरच्या बेरजेत धरली जात नाही, नावांच्या यादीत मात्र ते नाव येतं. म्हणजे नेमका सगळ्यात वाईट गिऱ्हाईक बेरजेतून सुटतो. अशांच्या C मध्ये पहिली उधारी केली ती तारीख टाकायची.

ही बाकी दर रविवारी उधारीच्या वहीवरून हाताने भरली जाते, त्यामुळे चुका होणार, पण त्या पकडायचा एक साधा उपाय आहे. मागच्या आठवड्याची एकूण उधारी, त्यात या आठवड्यात दिलेली मिळवा, वसूल झालेली वजा करा, आणि येणारा आकडा आजच्या एकूण उधारीशी जुळायला हवा. एकदा आमच्याकडे मागची ८६,४०० होती, दिली ९,२००, वसूल ७,५००, म्हणजे ८८,१०० यायला हवी, आणि वहीत आली ८७,६००. पाचशेचा फरक. बाकी कमी म्हणजे वसुली वहीत लिहिली गेली पण रोजच्या पानावर नाही, हे लगेच कळलं, मामीने दुपारी घेतलेले पाचशे होते. मग त्या दिवसाची विक्रीही पाचशेने जास्त धरली गेली होती, ती पण सुधारली. यासाठी मागचा आकडा साठवायला हवा, आणि `TODAY()` मुळे पान दर आठवड्याला बदलतं, म्हणून दर सोमवारी पानावरचे आकडे कॉपी करून `इतिहास` टॅबमध्ये `Ctrl+Shift+V` ने चिकटवायचे, त्याने फॉर्म्युला न येता नुसता आकडा येतो.

पाच नावांची यादी छापील पानावर ठेवू नका. ते पान काउंटरवर पडतं, समोर गावातलीच माणसं उभी असतात, कुणाचं नाव थकबाकीत वाचलं गेलं तर ते पैसेही येत नाहीत आणि माणूसही तुटतो. नावं आम्ही फक्त मामांच्या फोनवर वेगळी पाठवतो.

देणं आणि हातातले पैसे

`देणी` टॅबमध्ये प्रत्येक बिलाची ओळ, A पार्टी, B बिलाची तारीख, C रक्कम, D कधी द्यायचं, E मध्ये ड्रॉपडाउन करून "बाकी" किंवा "दिले". D मध्ये बिलावरची मुदत नको, मामांच्या अनुभवाप्रमाणे तो माणूस खरंच कधी दारात येतो ती तारीख टाका. थोडी रक्कम दिली असेल तर C मध्ये उरलेलीच ठेवा.

```
=SUMIFS('देणी'!C:C,'देणी'!D:D,"<"&TODAY()+7,'देणी'!E:E,"बाकी")
```

मुदत उलटून गेलेली बिलंही यात येतात, यायलाच हवीत. याच्या शेजारी दुसरा चौकोन, बँकेतले अधिक गल्ल्यातले, जो सोमवारी सकाळी हाताने भरायचा. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मामांनी पहिल्यांदा पान हातात धरून बसून वाचलं.

तो सोमवार असा होता. विक्री १,५८,२००, चार आठवड्यांपूर्वी १,७१,५००, म्हणजे साधारण आठ टक्के कमी, दिवस ७ पैकी ७, तेव्हा काळजीचं काही नाही, पांढरा चौकोन. अडकलेली उधारी ३१,४००. द्यायचे ९२,०००, हातात ६८,०००. चोवीस हजारांची तूट. आठवड्यात विक्रीचे पैसे येणार हे खरं, पण ते रोजच्या मालाला लागतात आणि त्यातलं किती मोकळं राहील ते सांगता येत नाही. तेवढ्यात तेलाचा सेल्समन आला, दहा डबे घेतले तर एवढी सूट. एरवी मामा स्कीम सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी चारच डबे घेतले, उधारीतल्या वरच्या दोन घरी संध्याकाळी स्वतः जाऊन आले आणि एका पार्टीला आपणहून फोन करून बिल पुढच्या सोमवारवर नेलं. फोन आधी केला म्हणून तो पार्टीवालाही कुरकुरला नाही.

चौथा आकडा कॉम्प्युटरमधून येत नाही

गिऱ्हाईक काहीतरी मागतं आणि आपण "नाही, संपलंय" म्हणतो, ही विक्री कुठल्याच बिलात दिसत नाही, बिलिंग सॉफ्टवेअर असलं तरी नाही. काउंटरला दोरीने एक छोटी वही बांधली, नाही म्हटलं की वस्तूचं नाव आणि एक रेघ. पुन्हा कुणी मागितली की अजून एक रेघ. रविवारी ज्या वस्तूंना तीन किंवा जास्त रेघा त्या पानावर, जास्तीत जास्त पाच. सुरुवातीला काउंटरवरचा पोरगा रेघा मारायचा विसरायचा, त्याला वाटायचं हे आपल्या चुकांची नोंद आहे. मामांनी त्याला सांगितलं की यातून ऑर्डर ठरते, आणि खरंच पहिल्याच आठवड्यात त्याने लिहिलेली एका कंपनीच्या डिटर्जंटची दहा रुपयेवाली पुडी मागवली, तेव्हापासून तो नीट लिहितो. एकच माणूस चारदा येऊन विचारून गेला तर चार रेघा होतात, तेवढं मामा बघून ओळखतात.

पान दिसायला कसं

ए-फोर आडवा, चार मोठे चौकोन, आकडा निदान ३६ पॉइंटचा, कारण मामा चष्मा गल्ल्यात ठेवतात आणि विसरतात. पैसे नाहीत, पूर्ण रुपयेच. लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने हवेत, नाहीतर १५८,२०० वाचताना माणूस अडखळतो. `Format`, `Number`, `Custom number format` मध्ये हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

प्रत्येक चौकोनाखाली एक ओळ साध्या मराठीत, "चार आठवड्यांपूर्वी १,७१,५००" एवढीच. चार्ट एकही नाही. मला स्वतःला रेषेचा चार्ट आवडतो, पण मामा त्यावरून नजर फिरवून पुढे जायचे, मग काढला.

पहिले चार आठवडे तुलनेचा आकडा शून्य दिसेल, तोपर्यंत तिथे काही अंदाजाने भरू नका. त्यानंतर सोमवारी पान दिल्यावर मी फोनवर एवढंच विचारते, "मामा, यातलं बघून आज काय ठरवलं?" आणि उत्तर `इतिहास` टॅबमध्ये त्या आठवड्यासमोर लिहून ठेवते. एखाद्या चौकोनासमोर सलग दोन महिने काहीच लिहिलं गेलं नाही तर तो काढून टाकायचा असं आमचं ठरलंय. सध्या मामांना पाचवा हवाय, एक्स्पायरी जवळ आलेली बिस्किटं आणि मसाले, आणि त्यासाठी माल लावतानाच खोक्यावर मार्करने महिना लिहायला सुरुवात केलीय, दिवाळीचा माल उतरला की तो चौकोन टाकून बघणार आहे.